कांद्याचे दोन डिसेंबर, कागदावरच्या दोन रेषा

डिसेंबर २०१९ मध्ये मोठ्या शहरांत कांद्याने किलोमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला होता. चार वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, लासलगावच्या बाजार समितीत क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला कांदा दोन आठवड्यांच्या आत जवळपास निम्म्यावर आला. महिना तोच आणि पीकही तेच, खरिपाचा लाल कांदा. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी एकच वाक्य छापले: मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला नाही म्हणून असे झाले. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या वेळी नेमके काय हलले आणि दुसऱ्या वेळी काय, हे कळायचे असेल तर एक चौकटींचा कागद घ्यावा आणि त्यावर दोन रेषा काढाव्यात. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली ही सर्वांत ओळखीची आकृती. बहुतेकांनी ती बारावीत काढलेली असते आणि परीक्षेनंतर विसरलेली असते. तिच्यात जे खरे कामाचे आहे ते परीक्षेत क्वचितच विचारले जाते, म्हणून ती इथे पुन्हा सावकाश काढू.

उभ्या अक्षावर भाव घ्यायचा, किलोला रुपयांत. आडव्या अक्षावर नग, म्हणजे कांद्याचे परिमाण, हजार क्विंटलांत. भाव उभ्या अक्षावर घेण्याची पद्धत आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या १८९० सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली. त्याच्या वीस वर्षे आधी, १८७० मध्ये, फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने याच आकृतीने बाजारातल्या चढउतारांचा अभ्यास केला होता. गणिताची सवय असलेल्यांना मार्शलची मांडणी उलटी वाटते, कारण आपण म्हणतो ‘भाव बदलला की खप बदलतो’ आणि कारण ठरणारी गोष्ट सहसा आडव्या अक्षावर घेतात. आता ती बदलण्यात अर्थ नाही. पण वाचताना एक पथ्य पाळावे: उभ्या अक्षावर एखादा भाव निवडायचा आणि तिथून आडवे जाऊन रेषा कुठे भेटते ते पाहायचे. हे पथ्य का सांगतो आहे ते थोड्या वेळाने दिसेल.

आता आकडे घेऊ. हे आकडे कल्पित आहेत, हिशेब तोंडी करता यावा म्हणून सोपे निवडलेले. त्यांचा स्वभाव मात्र खऱ्या कांद्याचा आहे. समजा, एका मोठ्या बाजारपेठेत एका आठवड्यात लोकांना किती कांदा हवा असतो ते असे ठरते: १३० मधून भावाचा आकडा वजा करा, जे उरेल तितके हजार क्विंटल. भाव २० रुपये असेल तर ११० हजार, ३० असेल तर १०० हजार. ही मागणीची रेषा. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी. शेतकरी किती माल आणतील ते असे: भावाची दुप्पट करा आणि त्यात ७० मिळवा. भाव २० असेल तर ११० हजार, ३० असेल तर १३० हजार. ही पुरवठ्याची रेषा; डावीकडून उजवीकडे चढणारी. २० रुपयांवर दोन्हीकडून ११० हजार क्विंटल येतात, रेषा तिथेच एकमेकींना छेदतात. हा समतोल: भाव २० रुपये, उलाढाल १ लाख १० हजार क्विंटल.

समतोल हा कोणी जाहीर करत नाही. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात, व्यापारी एका वाहनाकडून दुसऱ्या वाहनाकडे सरकत बोली लावतात, आणि दुपारपर्यंत त्या दिवसाचा भाव आपोआप बसलेला असतो. ज्याला आज इतका इतका माल भरायचाच आहे त्याला तो मिळेनासा झाला की तो बोली वाढवतो. ज्याची ट्रॉली विकली जात नाही तो शेतकरी कमी भावाला मान डोलावतो. छेदनबिंदूवर या दोन्ही गोष्टी थांबतात. त्या भावाला घ्यायला आलेला रिकामा जात नाही आणि द्यायला आलेलाही माल परत नेत नाही. एवढाच समतोलाचा अर्थ. तो भाव न्याय्य आहे की नाही, उत्पादन खर्च निघतो की नाही, याबद्दल आकृती काहीही सांगत नाही, आणि तिच्या तोंडी तसले काही घालू नये.

पहिला डिसेंबर. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात अवेळी पाऊस झाला. खरिपाचा कांदा तेव्हा शेतात काढणीला आलेला होता, तो जागेवर सडला. त्याच्याही आधी, २९ सप्टेंबरला, केंद्र सरकारने निर्यात बंद केलेली होती. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक बाजारात नव्हते, तरीही भाव शंभरीपार गेला. पुरवठ्याला बसलेला धक्का किती मोठा होता हे त्यावरून कळते.

आपल्या कागदावर हा पाऊस पाडू. समजा, कोणत्याही भावाला पूर्वी जितका माल आला असता त्यापेक्षा ३० हजार क्विंटल कमी येतो. पुरवठ्याचे सूत्र आता ‘७० अधिक भावाची दुप्पट’ असे राहिले नाही, ‘४० अधिक भावाची दुप्पट’ असे झाले. संपूर्ण रेषा ३० घरे डावीकडे सरकली. इथे ते पथ्य उपयोगी पडते. पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकली की ती डोळ्यांना वर गेल्यासारखी दिसते, आणि नवखा विद्यार्थी ‘रेषा वर गेली, म्हणजे पुरवठा वाढला’ असे लिहून मोकळा होतो. आडवे वाचले की ही चूक होत नाही: त्याच २० रुपयांना पूर्वी ११० हजार येत होते, आता ८० हजारच येतात.

२० रुपयांना लोकांना ११० हजार हवे आहेत आणि आले आहेत ८० हजार. ३० हजारांची तूट. व्यापारी बोली वाढवतात. २५ रुपयांवर पुरवठा ९० आणि मागणी १०५, तूट अजून १५ हजारांची. ३० रुपयांवर पुरवठा १०० आणि मागणीही १००. नवा समतोल इथे: भाव ३०, उलाढाल १ लाख क्विंटल.

या हिशेबात थोडे थांबण्यासारखे आहे. पावसाने ३० हजार क्विंटल नेले, पण बाजारातली उलाढाल फक्त १० हजारांनी घटली. उरलेले २० हजार कुठून आले? चढलेल्या भावाने ते बाहेर काढले. एरवी आणखी आठवडाभर शेतात ठेवला असता तो कांदा लवकर उपटला गेला, निवडीत बाजूला पडलेला बारीक कांदाही ट्रॉलीत चढला, लांबच्या तालुक्यांतला माल जास्त भाडे भरून आला. ही हालचाल नव्या पुरवठा रेषेवरची आहे, रेषेची नाही. तसेच ग्राहकांनी १० हजार कमी घेतला, तोही जुन्याच मागणी रेषेवरून वर सरकून. ग्राहकांची कांद्याची आवड कमी झालेली नव्हती. भाव पुन्हा २० वर आला असता तर त्यांनी पुन्हा ११० हजारच घेतला असता.

या फरकाकडे दुर्लक्ष झाले की एक चमत्कारिक युक्तिवाद जन्माला येतो आणि तो शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतो: भाव वाढला की मागणी घटते, मागणी घटली की भाव उतरतो, म्हणजे भाव मुळात वाढूच शकत नाही. यातली पहिली घट रेषेवरून झालेली सरक आहे आणि दुसरी घट अख्खी रेषा जागेवरून हलल्याची आहे. दोन्हींना एकच समजल्यामुळे हा गोंधळ होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांनी म्हणूनच पहिलीला मागणीचा विस्तार-संकोच आणि दुसरीला मागणीची वृद्धी आणि ऱ्हास अशी वेगळी नावे दिली आहेत. नावे विसरली तरी हरकत नाही. एवढेच विचारावे की वस्तूचा स्वतःचा भाव बदलल्यामुळे हे घडले, की बाहेरच्या दुसऱ्या एखाद्या कारणाने? भावामुळे घडले असेल तर बिंदू रेषेवरून सरकतो. पाऊस, रोग, सण, पगार, कायदा अशा दुसऱ्या कारणाने घडले असेल तर रेषाच हलते.

आणखी एक गोष्ट याच हिशेबात दडलेली आहे. पूर्वीची एकूण विक्री १ लाख १० हजार क्विंटल, २० रुपये किलोने, म्हणजे २२ कोटी रुपये. पावसानंतरची १ लाख क्विंटल, ३० रुपयांनी, म्हणजे ३० कोटी. पीक बुडाले आणि सगळ्या शेतकऱ्यांची मिळून मिळकत ८ कोटींनी वाढली. कारण भाव निम्म्याने चढला तरी खप एक दशांशाहूनही कमी घटला. कांदा फोडणीत लागतोच, आणि घरखर्चात त्याचा वाटा लहान असतो. उपाहारगृहे कांद्याऐवजी मुळ्याच्या चकत्या देऊ लागतात, पण घरची आमटी कांद्याशिवाय होत नाही. मागणीची रेषा अशी जवळजवळ उभी असली की पुरवठ्यातली थोडीशी घटही भाव उंच नेते. मात्र ‘शेतकऱ्यांची मिळून’ हे शब्द सोडून देऊ नयेत. ज्याच्या शेतात पाणी साचले त्याच्या हातात त्या ३० कोटींतले काहीही आले नाही, आणि ज्याचा कांदा उंचवट्याच्या रानात वाचला त्याला चांगला पैसा मिळाला. आकृतीवर बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. ‘कांद्याने शेतकरी लखपती’ अशा बातम्या त्या महिन्यांत येतात तेव्हा मला वाईट वाटते ते यासाठीच.

आता दुसरा डिसेंबर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरवले. आणि ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद केली. शेतात त्या दिवशी काहीही बदलले नव्हते, घराघरांतल्या स्वयंपाकातही नाही. बदलले ते इतकेच, की बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश इथल्या गिऱ्हाइकांसाठी माल भरणारा व्यापारी लिलावातून नाहीसा झाला.

लासलगावात जी मागणी दिसते ती बेरजेची असते. एकेका भावाला देशातली घरे किती घेतील, त्यात परदेशी खरेदीदार किती घेतील, अशी आडवी बेरीज करून ती रेषा तयार होते. आपल्या कल्पित बाजारात सोयीसाठी धरू की परदेशात दर आठवड्याला १५ हजार क्विंटल जातात, भाव काहीही असो. मग आपल्या १३० मधले १५ परदेशाचे आणि ११५ देशातले. निर्यातबंदी म्हणजे मागणीचे सूत्र ‘१३० वजा भाव’ वरून ‘११५ वजा भाव’ वर येणे. रेषा १५ घरे डावीकडे.

कुठून सुरुवात करायची? भाव ३० आणि उलाढाल १ लाख क्विंटल हा जो बिंदू आपल्याकडे आहे तिथूनच करू. पीक कमी आणि भाव चढे अशीच २०२३ ची शरद होती. ३० रुपयांना देशातल्या ग्राहकांना ८५ हजार क्विंटल हवे आहेत, बाजारात १०० हजार आले आहेत. १५ हजार क्विंटल विकायचे राहतात. आता बोली खाली येते. शेतकऱ्यांची रेषा ‘४० अधिक भावाची दुप्पट’ अशीच राहिली, तर नवा समतोल २५ रुपयांवर होतो: मागणी ९०, पुरवठा ९०. भाव पाच रुपयांनी उतरला आणि उलाढाल १० हजारांनी.

पण भाव ३० चा २५ होणे म्हणजे निम्मा होणे नव्हे. मग लासलगावात भाव निम्म्यावर का आला? उत्तर मागणीच्या रेषेत शोधून सापडणार नाही, जी रेषा हललीच नाही तिच्यात ते आहे.

कांद्याची पिके तीन. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मे या काळात निघतो. तो टिकाऊ, चाळीत साठवला तर चार-पाच महिने राहतो, थोडी घट आणि सड सोसून. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून येतो आणि त्यानंतर रांगडा, म्हणजे लेट खरीप. लाल कांद्यात पाणी जास्त, साल पातळ; तो ठेवला तर कोंब फुटतात किंवा नासतो, म्हणून काढल्यावर थोड्याच दिवसांत विकावा लागतो. आता ‘भाव पाच रुपयांनी उतरला तर शेतकरी १० हजार क्विंटल मागे ठेवतील’ हे जे आपण गृहीत धरले ते उन्हाळ कांद्याला शोभते. चाळीचा दरवाजा बंद करून थांबता येते. डिसेंबरात लाल कांदा ट्रॉलीत भरलेला असताना थांबायचे कुठे? भाव काहीही मिळो, १०० हजार क्विंटल विकावेच लागणार. म्हणजे त्या आठवड्यांपुरती पुरवठ्याची रेषा तिरपी नसतेच. ती १०० वर सरळ उभी असते.

उभ्या रेषेने हिशेब पुन्हा करू. मागणी ११५ वजा भाव, पुरवठा १००. भाव १५ रुपये. ३० चे १५. तोच कायदा, तीच १५ हजारांची मागणी गेली, आणि भाव ५ रुपयांऐवजी १५ रुपयांनी पडला. उलाढाल एका क्विंटलानेही बदलली नाही. परदेशात जाणारे १५ हजार क्विंटल देशातल्या ग्राहकांनी खाल्ले, पण भाव निम्मा झाल्याशिवाय ते इतका जास्त कांदा घेणार नव्हते. ३० कोटींची विक्री १५ कोटींवर आली.

माझ्या मते या आकृतीत शिकण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे हे आहे. एखादी रेषा हलली की भाव कोणत्या दिशेने जाईल हे हलणारी रेषा सांगते. पण त्या धक्क्यातला किती भाग भावावर पडेल आणि किती नगांवर, ही वाटणी जागेवर उभ्या असलेल्या दुसऱ्या रेषेच्या उतारावर ठरते. पाऊस पडला तेव्हा पुरवठा हलला, आणि जुन्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंतचा प्रवास मागणीच्या रेषेवरून झाला. १० रुपयांना १० हजार क्विंटल हे प्रमाण ग्राहकांनी ठरवले. निर्यात बंद झाली तेव्हा मागणी हलली, आणि प्रवास पुरवठ्याच्या रेषेवरून झाला. ती तिरपी असताना ५ रुपयांना १० हजार क्विंटल, उभी असताना १५ रुपयांना शून्य. एकूण धक्का किती मोठा हे दोन्ही रेषा मिळून ठरवतात. पण थांबायची सोय कोणाकडे आहे हे स्थिर रेषेवर लिहिलेले असते. मार्शलने याच कारणाने काळाचे टप्पे पाडले होते. बाजाराचा एक दिवस घेतला तर माल ठरलेला असतो आणि भाव मागणीच ठरवते. काही महिने घेतले तर पुरवठ्याला हातपाय हलवता येतात. दोन-चार हंगाम घेतले तर लागवडच बदलते आणि रेषा आडवी होऊ लागते.

त्यामुळे निर्यातबंदी चांगली की वाईट या वादात महिना कोणता हा प्रश्न आधी यायला हवा, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. भरलेल्या चाळींच्या काळात आलेली बंदी शेतकऱ्याला लागते, पण तो काही माल मागे धरून तिचा काही भाग परतवू शकतो. (मागे धरलेला माल नाहीसा होत नाही, पुढच्या आठवड्यांचा पुरवठा तो उजवीकडे ढकलतो, म्हणजे धक्का पसरतो.) लाल कांद्याच्या ऐन हंगामात आलेली बंदी पूर्णच्या पूर्ण भावावर पडते. डिसेंबर २०२३ ची बंदी पुढे वाढवली गेली आणि ४ मे २०२४ ला, उन्हाळ कांदा निघत असताना, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून उठवली गेली. आकृतीच्या भाषेत सांगायचे तर रेषा उभी असताना मागणी तोडली आणि रेषा तिरपी झाल्यावर अर्धवट परत दिली. ग्राहकांसाठी भाव खाली ठेवणे हा सरकारचा हेतू असू शकतो, तो चूक आहे असे आकृती म्हणत नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली हे ती लपवतही नाही.

मग बातमी वाचताना कोणती रेषा हलली हे ओळखायचे कसे? भाव आणि आवक दोन्ही एकत्र पाहावे, एकटा भाव कधीच पुरत नाही. भाव चढला आणि विकला गेलेला माल घटला, किंवा भाव पडला आणि माल वाढला, म्हणजे दोन्ही उलट दिशांना गेले, तर हलली ती पुरवठ्याची रेषा. दोन्ही एकाच दिशेला गेले तर मागणीची. भाव हलला आणि माल जिथल्या तिथे राहिला, तर मागणी हलली आणि पुरवठा उभा होता. २०१९ मध्ये भाव वर आणि आवक खाली होती, तेव्हा ‘व्यापाऱ्यांनी मागणी फुगवली’ हे स्पष्टीकरण एकट्याने पुरत नाही. तसे असते तर माल जास्त यायला हवा होता.

ही कसोटी एका अटीवर चालते, आणि ती अट बाजारात वारंवार मोडते: एका वेळी एकच रेषा हलली पाहिजे. निर्यातबंदी येणार अशी नुसती कुजबुज झाली तर काय होईल ते पाहा. शेतकरी आजच माल आणतो, कारण उद्या भाव पडेल: पुरवठा उजवीकडे. निर्यातदार खरेदीला हात आखडता घेतो: मागणी डावीकडे. दोन्हींमुळे भाव खालीच जातो, त्याबद्दल शंका नाही. पण माल वाढेल की घटेल हे आकृती सांगू शकत नाही, कारण एक रेषा त्याला उजवीकडे ओढते आणि दुसरी डावीकडे. कोण जास्त सरकली त्यावर ते अवलंबून. बाजाराच्या भविष्याबद्दल कोणी अशा वेळी ठामपणे दोन्ही आकडे सांगू लागला तर त्याने एक आकडा अंदाजाने सांगितला आहे असे समजावे.

दुसरी अडचण जुन्या आकड्यांची. बाजार समितीच्या नोंदींतून दहा वर्षांचे भाव आणि आवक काढून कागदावर ठिपके मांडले आणि त्यांतून एक रेषा ओढली, तर ती कशाची रेषा? मागणीचीही नाही, पुरवठ्याचीही नाही. प्रत्येक ठिपका हा कुठल्यातरी दोन रेषांचा छेदनबिंदू आहे, आणि दरम्यान दोन्ही रेषा हलत होत्या. एल्मर वर्किंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये हे स्पष्ट मांडले. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी वनस्पती तेले आणि प्राण्यांच्या चरबीवरील आयातकराच्या पुस्तकाच्या परिशिष्टात वाट दाखवली: असे कारण शोधा, जे एकाच रेषेला हलवते आणि दुसरीला स्पर्शही करत नाही. जवसाच्या बाबतीत त्यांनी एकरी उतारा घेतला. पीक कमी-जास्त आल्याने रंगाचे तेल विकत घेणाऱ्यांची गरज बदलत नाही. म्हणून उताऱ्यामुळे भाव आणि नग जसे हलतात ते ठिपके मागणीच्या रेषेवरच पडतात. हलणारी रेषा न हलणारीचे चित्र काढून देते.

कांद्याला हीच रीत लावली तर अवेळी पावसाची वर्षे ग्राहकांच्या रेषेचा उतार दाखवतात आणि अचानक आलेल्या निर्यातबंदीचे दिवस शेतकऱ्यांच्या रेषेचा. पण डिसेंबर २०२३ चे आकडे घेताना जपून राहावे लागते. डिसेंबरात लाल कांद्याची आवक दरवर्षी हंगामाप्रमाणे वाढतच असते, म्हणजे बंदी नसती तरी पुरवठा उजवीकडे सरकत होता आणि भाव काही प्रमाणात उतरलाच असता. शिवाय बंदीच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही काळ बंद पडले. त्या दिवसांचा भाव नोंदीत नाहीच, आणि लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा थांबलेला मालही रांगेत आला. भाव निम्मा झाला त्यातला किती वाटा बंदीचा आणि किती हंगामाचा, हे भावाच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी बंदी नसलेल्या वर्षांतले याच आठवड्यांचे भाव आणि आवक शेजारी ठेवावी लागते, आणि त्या वर्षी लागवड किती होती व पाऊस कधी पडला हेही त्या कागदावर मांडावे लागते.